तारीख तेवढी टाकायची आहे

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचा ९ ऑगस्ट १९७४ चा राजीनामा एका वाक्याचा आहे. परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांना उद्देशून लिहिलेल्या त्या पत्रात पद सोडतो एवढंच आहे. कारण दिलेलं नाही, खंत नाही, वॉटरगेटचं नावसुद्धा नाही. पण त्याआधी त्यांचे भाषणलेखक रे प्राइस यांनी दोन भाषणं तयार करून ठेवली होती. एकात निक्सन पद सोडत होते, दुसऱ्यात सोडायला नकार देऊन शेवटपर्यंत लढणार होते. नुसतं पत्र वाचून त्या दिवसांतला माणूस कळत नाही. दोन्ही भाषणं शेजारी शेजारी ठेवली, की थोडा थोडा कळू लागतो.

राजीनाम्याच्या मसुद्यांतून सांगितलेली कथा याच गोष्टीवर उभी असते. तिच्यात निवेदक नसतो, संवाद नसतात, वर्णन नसतं. एकाच माणसाने एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा लिहिलेले कागद तेवढे असतात. वाचक ते कागद वाचतो असं आपण म्हणतो, पण त्याचं खरं लक्ष दोन कागदांत काय बदललं याकडे असतं. कालच्या मसुद्यातलं वाक्य आज का गेलं? पत्र मुख्याध्यापकांना होतं, ते सचिवांना कसं झालं? हा बदल घडवणारी घटना कागदाबाहेर घडलेली असते आणि ती वाचकाला आपली आपण उभी करावी लागते.

हे कसं चालतं ते नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून अशी एक कथा इथे कागदागणिक उलगडून दाखवतो. तिच्यातली बाई, संस्था आणि गाव काल्पनिक आहे. नियम मात्र खरे आहेत, आणि कथेचा सांगाडा त्या नियमांचाच आहे.

बाई अनुदानित खाजगी माध्यमिक शाळेत सहायक शिक्षिका आहेत. तालुक्याचं गाव, विषय विज्ञान, वय पन्नास, नोकरी १९९५ पासूनची. अशा शाळांतल्या नोकरीला महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आणि त्याखालची १९८१ ची नियमावली लागू आहे. शिक्षक मंडळी तिला ‘एमईपीएस’ म्हणतात. राजीनामा कसा द्यायचा, कधी द्यायचा, कधी द्यायचा नाही, हे सगळं तिच्यात आहे. असा मुद्दाम किचकट केलेला राजीनामा कथाकाराला आयता मिळतो, कारण प्रत्येक अटीला एक मसुदा अडखळू शकतो.

बाई मसुदे लिहितात पाठकोऱ्या कागदांवर. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे शाळेत कुणी टाकत नाही. पहिल्या कागदामागे नववीच्या घटक चाचणीची छपाई आहे, गतीचे नियम या पाठावरची. ‘अंतर आणि विस्थापन यांतील फरक स्पष्ट करा’ ही ओळ उलटी होऊन सहीच्या जागेतून दिसते.

पहिला कागद असा :

“दि. १ जुलै २०२३. प्रति, मा. मुख्याध्यापक. विषय : राजीनाम्याबाबत. महोदय, वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या सहायक शिक्षिका पदाचा राजीनामा देत आहे. तरी तो स्वीकारावा ही विनंती. आपली विश्वासू.”

यात काहीच नाही, आणि पहिल्या मसुद्यात काही नसलेलंच बरं. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका झिजला आहे, की तो वाचताच वाचक खरं कारण शोधायला लागतो. कथाकाराचं अर्धं काम तिथेच होतं. नवखा लेखक मात्र पहिल्याच कागदात सगळं ओतून मोकळा होतो, आणि मग पुढच्या कागदांना आवाज चढवण्याखेरीज काम उरत नाही.

दुसऱ्या कागदावर तारीख १८ जुलै. ‘प्रति, मा. मुख्याध्यापक’ खोडून ‘प्रति, मा. सचिव, मार्फत : मा. मुख्याध्यापक’ केलं आहे. समासात बाईंनीच लिहिलं आहे : “सत्र १५ जूनला सुरू. महिनाभर देता येत नाही. कायम सेवक, नोटीस ३ महिने.” म्हणजे पहिला कागद दोन ठिकाणी चुकला होता. राजीनामा संस्थेच्या व्यवस्थापनाला द्यावा लागतो, आणि पहिलं सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर त्याची नोटीस देता येत नाही. मजकूर असा :

“विनंतीपूर्वक कळविते की, गेली दोन वर्षे मला गुडघेदुखीचा त्रास असून प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर असल्याने जिने चढणे अवघड झाले आहे. सबब मी ~~कोणाच्याही दबावाशिवाय~~ स्वेच्छेने माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.”

खोडलेल्या शब्दांकडे बघा. ‘कोणाच्याही दबावाशिवाय’ हे प्रतिज्ञापत्राच्या सवयीने लेखणीतून उतरतं. पण बाईंनी ते खोडलं. खोटं वाटलं म्हणून खोडलं, की लिहिलं तर कुणाला तरी दबाव आठवेल म्हणून? दोन्ही शक्य आहे. कथेत हे ठरवून सांगायचं नसतं. दबाव आहे एवढी ठिणगी पडली, की पुरे.

याच कागदावर दुसरं एक अक्षर आहे, शिसपेन्सिलीचं, बारीक, कारकुनी वळणाचं : “बाई, राजीनामा नको. स्वेच्छानिवृत्ती लिहा. राजीनाम्यात मागची सगळी नोकरी जाते. माझ्यापर्यंतच ठेवते, वर पाठवत नाही.” हे शाळेतल्या वरिष्ठ लिपिक बाईंचं अक्षर. मसुद्यांच्या कथेत दुसरं पात्र आणायची हीच वाट असते : समासात, वेगळ्या शाईत.

लिपिक बाईंचा सल्ला बरोबर आहे. निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांप्रमाणे सेवेचा राजीनामा दिला की पूर्वीची सेवा जप्त होते, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी ती धरली जात नाही. वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्या माणसाने तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर निवृत्तिवेतन शाबूत राहतं. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे, म्हणून बाईंच्या बाबतीत हा फरक आयुष्यभराच्या मिळकतीचा आहे. दोन्ही अर्जांत बाई त्याच दिवशी घरी जाणार, पण एकात अठ्ठावीस वर्षं बरोबर येणार आणि दुसऱ्यात नाही. हा फरक न कळून हात पोळून घेतलेली माणसं खऱ्या आयुष्यात आहेत आणि त्यांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत.

तिसरा कागद २४ जुलैचा, स्वेच्छानिवृत्तीचा. आता घाई नाही, भीती नाही. बाई सविस्तर लिहायला बसल्या आहेत. हा सगळ्यांत लांब मसुदा आणि वाचायला सगळ्यांत कंटाळवाणा. तो तसाच असायला हवा. संस्थेचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, विज्ञान प्रदर्शनात शाळेला मिळालेली ढाल, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्यांची मोजदाद करून देण्याची तयारी. शेवटच्या परिच्छेदात त्या मागे जातात :

“दि. १२ जून १९९५ रोजी सकाळी अकरा वाजता मी या शाळेत रुजू झाले. तेव्हा माझे लग्न झाले नव्हते. हजेरीपटावर मी माहेरच्या नावाने पहिली सही केली. तत्कालीन सचिव साहेबांनी मला पेढा दिला व माझ्याकडून”

इथे कागद थांबतो. पूर्णविराम नाही. खाली अर्धी जागा मोकळी आहे.

मला विचाराल तर सबंध कथेचा जीव या तुटलेल्या वाक्यात आहे. आभाराच्या ओघात लिहिता लिहिता बाईंच्या हातून एक गोष्ट जवळजवळ निसटली, आणि ती बघून त्या स्वतःच दचकल्या. ‘माहेरच्या नावाने’ हा तपशील वाचक इथे वाचून पुढे जातो. त्याने पुढे जावं हीच लेखकाची इच्छा असते.

चौथ्या कागदावर आभार उडाले आहेत. तारीख ५ ऑगस्ट. आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे बाई स्वेच्छानिवृत्तीवरून परत राजीनाम्यावर आल्या आहेत.

“माझ्या जाण्याने विज्ञान विषयाच्या कनिष्ठ शिक्षिकेचे अतिरिक्त होणे टळणार असल्यास मी विनाविलंब राजीनामा देण्यास तयार आहे.”

समासात आकडे आहेत. नववी अ, नववी ब, त्यांची पटसंख्या, त्याखाली ‘३० सप्टें.?’ असं प्रश्नचिन्ह. शाळेशी संबंध असलेल्या वाचकाला एवढ्याने सगळं समजतं. बाकीच्यांसाठी सांगतो. शाळेत किती शिक्षक मंजूर हे पटसंख्येवर ठरतं. त्या हिशेबाला संचमान्यता म्हणतात. ३० सप्टेंबरचा पट त्यासाठी महत्त्वाचा. पट घसरला, तुकडी गेली, एक पद कमी झालं, की त्या विषयातला सेवाज्येष्ठतेने सगळ्यांत खालचा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन व्हायची वाट बघत बसतो. वरचा कुणी आपणहून गेला तर खालच्याचं पद वाचतं. बाईंवरच्या दबावाचं कारण हे. कनिष्ठ शिक्षिका सचिवांच्या नात्यातली आहे, हे पुढच्या कागदात एका ओळीत येतं.

बाई इथे चिडलेल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या मुलीबद्दल त्यांना माया आहे. पण समासात खाली, वेगळ्या दिवशीच्या शाईत, दोनच शब्दांचा सवालजबाब आहे : “तिने मागितलं? — नाही.” आणि त्याखाली : “८ ऑगस्ट शेवटचा दिवस.”

शेवटचा दिवस कसला? नियमावलीत आणखी एक अट आहे. सुट्टीचा हक्क असलेल्या सेवकाने सुट्टीत राजीनाम्याची नोटीस द्यायची नाही, आणि नोटिशीच्या काळात सुट्टीचा कुठलाही भाग येता कामा नये. त्या शाळेची दिवाळीची सुट्टी ९ नोव्हेंबरपासून. तीन पूर्ण महिने त्याआधी बसवायचे तर ८ ऑगस्टपर्यंत नोटीस गेली पाहिजे. मग दार बंद. ते उघडणार शाळा दिवाळीनंतर भरल्यावर, आणि मेच्या सुट्टीआधी तीन महिने हवेत म्हणून फेब्रुवारी लागता लागता पुन्हा बंद होणार. शिक्षकाला राजीनामा द्यायला वर्षात अशा दोनच अरुंद फटी मिळतात. कथेतला ताण वाढवायला घड्याळाची टिकटिक लागते म्हणतात. इथे ती सरकारनेच लावून दिली आहे.

पाचवा कागद :

“दि. ८ ऑगस्ट २०२३. प्रति,”

बस. संपूर्ण मसुदा एवढाच. मागे छापील प्रश्नपत्रिका, पुढे तारीख आणि ‘प्रति’पुढचा स्वल्पविराम. हा कागद काढून टाका असं सांगणारा संपादक भेटेल. ऐकू नये. बाकीच्या कागदांत बाई काय लिहितात ते दिसतं. इथे त्या कागदासमोर किती वेळ बसल्या असतील ते दिसतं.

मध्ये दोन महिने काही नाही. मग ९ ऑक्टोबरचा कागद येतो, सत्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेमागचा. अक्षर मोठं, रेघा तिरक्या.

“काल आपण मला आपल्या दालनात बोलावून दार लावून घेतलेत. आपण म्हणालात, बाई, तुम्ही द्या न द्या, तुमचा राजीनामा आमच्या कपाटात आहेच, तारीख तेवढी टाकायची आहे. आपल्या वडिलांनी १९९५ साली रुजू होताना माझ्याकडून कोऱ्या तारखेच्या राजीनाम्यावर सही घेतली होती. मी तेव्हा बावीस वर्षांची होते व मला वाटले सगळ्यांकडून घेतात. सगळ्यांकडून घेतच होते. मी आपल्या चुलतबहिणीची जागा अडवून बसलेली नाही. मी माझ्या जागेवर आहे. मला जायचे असेल तर मी माझ्या हाताने लिहून जाईन, त्या कागदाने”

पुन्हा तुटलेलं वाक्य. पण आता आधीच्या तुटलेल्या वाक्याचा दुसरा तुकडा मिळाला. आणि पहिल्या कागदापासूनचं कोडंही सुटलं. बाईंना नोकरी सोडायची नव्हतीच. कपाटातला कागद आपल्याला काढायच्या आत आपण आपल्या शब्दांत निघून जावं, एवढंच त्यांना हवं होतं. गुडघे, आभार, कनिष्ठ शिक्षिकेबद्दलची माया ही सगळी त्यांनी एकामागून एक लावून पाहिलेली कारणं होती.

एक आडवळणाची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण मसुद्यांच्या कथा बहुतेक इथेच फसतात. पत्र ज्याला लिहिलं आहे त्याला ठाऊक असलेली माहिती त्यालाच पुन्हा सांगणं, केवळ वाचकाला कळावी म्हणून, हे लगेच उघडं पडतं. ‘आपणास माहीतच आहे की आपले वडील संस्थेचे संस्थापक होते’ असं वाक्य आलं, की कागदामागून लेखकाचं डोकं दिसतं. वरच्या पत्रातही सचिवांना ठाऊक असलेलंच सगळं आहे. तरी ते खटकत नाही, कारण भांडणारा माणूस समोरच्याचेच शब्द त्याच्या तोंडावर फेकतो. रागाच्या मसुद्यात पुनरुक्ती चालते. सभ्य मसुद्यात माहिती खोडाखोडीतून आणि समासातूनच यायला हवी.

दुसरी कसोटी सोपी आहे. कागदांवरच्या तारखा झाकाव्यात आणि कागद पिसावेत. ते कुठल्याही क्रमाने वाचून चालत असतील, तर कथा झालेली नाही. एकाच मनःस्थितीची वेगवेगळी पत्रं झाली आहेत. प्रत्येक कागद न पाठवला जाण्याला आपलं वेगळं, हाताला लागेल असं कारण हवं. ‘धीर झाला नाही’ हे कारण फार तर एकदा वापरता येतं. आपल्या कथेत ते ८ ऑगस्टला वापरून झालं.

आता शेवट. राजीनाम्याच्या कथेचा ‘अनपेक्षित’ शेवट म्हणून बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते राजीनामा मागे घेणं. यात अनपेक्षित काहीच उरलेलं नाही. मे २०२३ मध्ये शरद पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं २ तारखेला जाहीर केलं आणि ५ तारखेला तो निर्णय मागे घेतला. मराठी वाचकाला हे वळण पाठ आहे. कायद्यालाही ते मान्य आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे एक न्यायमूर्ती, सतीश चंद्र, यांनी मे १९७७ मध्ये राष्ट्रपतींना राजीनामा पाठवला, तो १ ऑगस्टपासून लागू व्हायचा होता. १५ जुलैला त्यांनी तो मागे घेतला. मागे घेता येतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख उजाडेपर्यंत मागे घेता येतो. माणसाच्या मनाला वेळ देणारा निकाल आहे, पण आपल्या बाईंनी अजून काही दिलेलंच नाही, तर मागे काय घेणार?

दुसरा सोपा शेवट म्हणजे बाई लढतात, कोर्टात जिंकतात. तोही नको. मसुद्यांनी सुरू झालेली कथा मसुद्यातच संपली पाहिजे.

सातव्या कागदावर मजकूरच नाही. डिसेंबर २०२३, तारीख घातलेली नाही. वरच्या भागात बाईंनी कायद्यातलं कलम ७ स्वतःच्या भाषेत उतरवून घेतलं आहे : “पत्र दोन प्रतींत. दोन्हींवर सही. दोन्हींवर तारीख. एक प्रत रजिस्टर पोस्टाने संस्थेला. एक आपल्याजवळ.” शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा. शेजारी लिपिक बाईंची पेन्सिल : “पोस्टाची पावती आहे का त्यांच्याकडे?”

हे कलम शिक्षकाला जाण्याची रीत शिकवण्यासाठी आहे असं वरवर वाटतं. खरं तर ते त्याला जबरदस्तीने घालवता येऊ नये म्हणून आहे. संस्थाचालक कोऱ्या कागदांवर सह्या घेतात, हे जुनं दुखणं. टपालाची अट घातली की पाठवणारा शिक्षकच असावा लागतो, आणि त्याचा पुरावा तिसऱ्याच्या, म्हणजे टपालखात्याच्या हाती राहतो. कपाटातून निघालेल्या राजीनाम्याला टपालाचा शिक्का कुठून आणणार?

कागदाच्या खालच्या भागात सह्या आहेत, ओळीने गिरवलेल्या. अर्ध्या आताच्या : झरझर, सासरच्या आडनावाच्या, अठ्ठावीस वर्षं हजेरीपटावर करून गुळगुळीत झालेल्या. अर्ध्या दुसऱ्याच कुणाच्या वाटाव्यात अशा : गोल, जपून काढलेल्या, माहेरच्या आडनावाच्या. पहिल्या दोनतीन जमलेल्या नाहीत. शेवटची जमली आहे. बाई आपलीच जुनी सही आठवून बघत होत्या. कपाटातल्या कागदावर ही दुसरी सही आहे, आणि हे त्यांच्या लक्षात आलं तो क्षण आपल्याला फक्त या गिरवण्यातून कळतो.

मग आठवा कागद. हा पाठकोरा नाही. चांगला, पांढरा, दोन प्रतींत. दोन्हींवर सही आणि तारीख.

“दि. ४ जानेवारी २०२४.
प्रति, मा. सचिव.
विषय : राजीनाम्यावरील तारखेबाबत.
संदर्भ : आपल्या दालनातील चर्चा, दि. ८ ऑक्टोबर २०२३.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविते की, माझा राजीनामा आपल्या कपाटात असून त्यावर तारीख टाकायची राहिली आहे, असे आपण मला सांगितलेत. सदर तारीख मला माहीत आहे. ती १२ जून १९९५ अशी असून वेळ सकाळी अकराच्या सुमाराची आहे. त्याच दिवशी त्याच वेळी मी शाळेत रुजू झाले. सदर राजीनाम्यावर माझी माहेरच्या नावाची सही असल्याने ओळखण्यास अडचण येऊ नये म्हणून त्या सहीचा नमुना खाली करून देत आहे. तरी कृपया तारीख टाकून घ्यावी व योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सहायक शिक्षिका.

माहितीस्तव प्रत : मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद.”

खाली दोन सह्या, एकीखाली एक. आणि बाईंजवळच्या प्रतीला टाचणीने लावलेली पोस्टाची पावती.

बाईंनी राजीनामा दिला नाही, नाकारलाही नाही, मागेही घेतला नाही. जो राजीनामा आहे म्हणून धमकी दिली जात होती, तो त्यांनी पूर्ण करून दिला. नोकरी लागली त्याच मिनिटाला दिलेला राजीनामा. अठ्ठावीस वर्षांचे पगार, वेतनवाढी, सेवापुस्तकातल्या नोंदी, संस्थेने त्यांच्या नावावर घेतलेलं वेतन अनुदान, हे सगळं त्या तारखेच्या नंतरचं. ती तारीख टाकली तर संस्थेला या साऱ्याचा खुलासा करावा लागेल. दुसरी कुठलीही टाकली, तर त्या तारखेला बाई माहेरच्या नावाने सही का करत होत्या, ते सांगावं लागेल. पत्रात ‘मी नोकरी सोडणार नाही’ हे वाक्य नाही. ते घातलं असतं तर पत्र अर्ज झालं असतं. ‘योग्य ती कार्यवाही करावी’ ही कार्यालयीन मराठीतली सगळ्यांत निरुपद्रवी विनंती आहे, आणि इथे ती सचिवांच्या गळ्यात पडली आहे.

हा शेवट अनपेक्षित असला तरी त्याचे सगळे तुकडे आधीच्या कागदांत होते : तिसऱ्यात तारीख, वेळ आणि माहेरचं नाव, सहाव्यात कपाट, सातव्यात पोस्ट आणि सही. नवा असा एकही तुकडा शेवटच्या पत्रात नाही. वाचक मागे जाऊन चाळू लागला आणि त्याला सगळं तिथल्या तिथे सापडलं, तर शेवट जमला. शेवटच्या पानावर अचानक एखादा वकील किंवा जुना विद्यार्थी कलेक्टर होऊन आला असता, तर वाचकाने कथा मिटून ठेवली असती, आणि त्याचं बरोबर ठरलं असतं.

कनिष्ठ शिक्षिकेचं पद राहिलं का, याचं उत्तर कथेत नाही. संचमान्यतेचा कागद बाई लिहीत नाहीत, त्यामुळे तो या कथेत येऊ शकत नाही. ही या प्रकाराची मर्यादा आहे आणि ती पाळलेली बरी.

कथा छापायला घेणारा कुणीतरी हमखास विचारेल, सचिवांचं उत्तर नको का? नको. उत्तर द्यायचं तर आपल्याकडे तसा कागद आहे किंवा नाही, यातलं एक काहीतरी सचिवांना लिहून द्यावं लागेल. आहे म्हणाले, तर कोरी सही घेतल्याची कबुली शिक्षणाधिकाऱ्यांच्या फायलीत जाऊन बसते. नाही म्हणाले, तर बाईंची सुटका झाली. ते पत्राची पोहोचही देणार नाहीत, आणि पोस्टाची पावती असल्याने बाईंना तिची गरजही नाही.